छापून आलेली बातमी मागे घेतली जाते तेव्हा

पुण्यातला वाचक वृत्तपत्राची चूक सहसा सोडत नाही. एखाद्या व्याख्यानाचे स्थळ टिळक स्मारक मंदिराऐवजी भरत नाट्य मंदिर असे छापले गेले, किंवा एखाद्या दिवंगत प्राध्यापकांच्या नावाची आद्याक्षरे उलटसुलट झाली, तर सकाळपासून कार्यालयात फोन वाजू लागतात आणि दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची चौकट येते. ही झाली दुरुस्ती. तीत बातमीचा एखादा तपशील बदलतो, बातमी मात्र जागेवर उभी राहते. खुलासा हा आणखी वेगळा प्रकार. बातमीत ज्यांचे नाव आले ते अधिकारी, संस्था किंवा कंपनी आपली बाजू लिहून पाठवते आणि पत्र ती छापते. पण खुलासा छापला म्हणून पत्राने आपली बातमी सोडली, असे होत नाही. अनेकदा खुलाशाच्या खालीच बातमीदाराचे दोन ओळींचे म्हणणे असते की, बातमी अमुक कागदपत्रांच्या आधारे दिली होती आणि आम्ही तिच्यावर ठाम आहोत.

बातमी मागे घेणे हे या दोन्हींपेक्षा फार गंभीर पाऊल आहे. आमच्या वाचकांच्या पत्रव्यवहारात याविषयी वरचेवर एकच प्रश्न येतो: संपादकांनी ‘बातमी मागे घेत आहोत’ असे पत्र लिहिले, म्हणजे नेमके काय कबूल केले? बातमी खोटी होती, असे कबूल केले का? की दबाव आला म्हणून माघार घेतली? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर संपादकाच्या पत्रातच शोधावे लागते. ते पत्र कसे वाचावे, हे एका घडलेल्या प्रकरणाच्या आधारे इथे सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बातमी मागे घेताना पत्र असे म्हणत असते की, ज्या आधारावर ही बातमी उभी होती तो आधार टिकलेला नाही, म्हणून या बातमीतील दाव्यांची हमी आम्ही यापुढे देत नाही. बातमीच्या उलट जे काही असेल ते सिद्ध झाले, असे त्यातून निघत नाही. एखाद्या अधिकाऱ्याने लाच घेतल्याची बातमी मागे घेतली गेली, तर त्याने लाच घेतली नव्हती हे पत्राने सिद्ध केलेले नसते; त्याने घेतली असे म्हणण्याइतका पुरावा आपल्याकडे नाही, एवढेच पत्राने मान्य केलेले असते. मात्र त्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने हे ‘एवढेच’ फार मोठे आहे, कारण ज्याच्यावर आरोप केला त्याने निर्दोषत्व सिद्ध करायचे नसते, आरोप छापणाऱ्याने तो सिद्ध करायचा असतो.

आता प्रकरण. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘द वायर’ या दिल्लीच्या वृत्तसंकेतस्थळाने मेटा या कंपनीविषयी, म्हणजे फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीविषयी, काही बातम्या एकामागून एक दिल्या. ६ ऑक्टोबरच्या पहिल्या बातमीत म्हटले होते की, एका निनावी उपहासात्मक खात्यावरची एक पोस्ट इन्स्टाग्रामने काढून टाकली. १० ऑक्टोबरच्या दुसऱ्या बातमीत दावा बराच मोठा झाला. भाजपच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाचे प्रमुख अमित मालवीय यांनी तक्रार केल्यामुळे ती पोस्ट काही मिनिटांत, कोणत्याही छाननीशिवाय हटवली गेली, कारण त्यांना ‘एक्सचेक’ नावाच्या व्यवस्थेत खास अधिकार आहेत, असा तो दावा होता. आधार म्हणून कंपनीचा अंतर्गत अहवाल म्हणवणाऱ्या कागदाचे चित्र दिले होते. हाच दावा पुढे मागे घेतला गेला, हे इथेच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचताना गैरसमज होणार नाही.

‘एक्सचेक’ ही व्यवस्था खरी होती. अमेरिकेतील वॉल स्ट्रीट जर्नलने २०२१ मध्ये ती उजेडात आणली होती. पण तिचा उपयोग प्रसिद्ध व्यक्तींच्या स्वतःच्या पोस्ट आपोआप हटवल्या जाऊ नयेत यासाठी होता. दुसऱ्याची पोस्ट हटवण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत होता, असे कुठेही समोर आलेले नव्हते. मेटाचे प्रवक्ते अँडी स्टोन यांनी नेमके हेच सांगितले: या व्यवस्थेचा तक्रार करण्याशी संबंध नाही, संबंधित पोस्ट माणसाच्या तक्रारीवरून नव्हे तर स्वयंचलित प्रणालीने पुढे आल्या होत्या, आणि छापलेला कागद बनावट दिसतो. डेस्कवर काम करणाऱ्याने खरे म्हणजे इथेच थांबायला हवे असते. कंपनीचा इन्कार नेहमी खरा असतो असे मुळीच नाही. पण इन्कारात जेव्हा ‘ही व्यवस्था असे काम करतच नाही’ असा तपासता येण्याजोगा मुद्दा असतो, तेव्हा आधी तो मुद्दा तपासायचा असतो.

तसे झाले नाही. ११ ऑक्टोबरला एक नवी बातमी आली. स्टोन यांनी सहकाऱ्यांना पाठवलेला म्हणून एक ईमेल तीत प्रसिद्ध केला होता. कागद बाहेर कसा फुटला अशी विचारणा त्यात होती, म्हणजे कागद खरा असल्याची जणू कबुलीच होती. दुसऱ्या दिवशी मेटाचे माहिती-सुरक्षा प्रमुख गाय रोझेन यांनी हा ईमेलही बनावट असल्याचे जाहीरपणे सांगितले. ज्या पत्त्यावरून तो पाठवल्याचे दिसते तो स्टोन यांचा सध्याचा पत्ता नाही आणि ज्या पत्त्यावर पाठवला तो कंपनीत वापरातच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १५ ऑक्टोबरला ‘द वायर’ने आपल्या ईमेलची तांत्रिक तपासणी केल्याचे सांगून त्याची ध्वनिचित्रफीत आणि दोन तज्ज्ञांचे अभिप्राय प्रसिद्ध केले. सगळे प्रकरण ज्या तपासणीवर येऊन ठेपले ती ही तपासणी. ती समजल्याशिवाय संपादकांचे पुढचे पत्र समजणार नाही, म्हणून तिच्यासाठी थोडा वेळ द्यावा लागेल.

ईमेल कोणाच्या नावाने आला हे पाहणे म्हणजे तो कोणी पाठवला हे कळणे नव्हे. ‘प्रेषक’ या जागी कोणतेही नाव आणि कोणताही पत्ता टाकता येतो. ही पळवाट बुजवण्यासाठी ‘डीकेआयएम’ नावाची पद्धत वापरली जाते. कंपनीचा मेल-सर्व्हर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ईमेलवर एक अंकीय सही करतो. ती सही ज्या गुप्त किल्लीने होते ती फक्त त्या सर्व्हरकडे असते. तिची जोडीदार किल्ली मात्र कंपनीच्या डोमेनच्या नोंदीत सर्वांसाठी खुली ठेवलेली असते. ईमेल मिळालेला कोणीही ती खुली किल्ली घेऊन सही पडताळू शकतो. जुन्या काळी पाकिटावर लाखेचा शिक्का असे. शिक्का शाबूत असला आणि ठसा ओळखीचा असला, तर पत्र त्या कचेरीतून निघाले आणि वाटेत कोणी उघडले नाही एवढे समजत असे. डीकेआयएमचे तसेच आहे. सही जुळली, तर ईमेल त्या डोमेनच्या सर्व्हरवरून गेला आणि सहीखाली आलेला मजकूर नंतर बदललेला नाही, इतके कळते. तो त्या विशिष्ट माणसानेच लिहिला की त्याच्या खात्यात दुसरा कोणी शिरला होता, आणि त्यातला मजकूर खरा की खोटा, हे मात्र सही सांगत नाही.

ही तपासणी कोणालाही करून पाहता येते. जीमेलमध्ये एखादा ईमेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून `Show original` निवडले, तर वर एका तक्त्यात `DKIM: 'PASS'` असे दिसते आणि खाली ईमेलचे सगळे मूळ शीर्षलेख दिसतात. पत्रकाराला स्त्रोताकडून हवी असते ती ही मूळ फाइल, शीर्षलेखांसह, एकही अक्षर न बदललेली. ती मिळाली की संगणकावर साध्या आज्ञेने सही तपासता येते:

```
dkimverify < mail.eml
```

सही जुळली, तर उत्तर म्हणून `signature ok` असे दोन शब्द येतात. या दोन शब्दांचे चित्र बातमीत छापले, तर वाचकाला वाटते की पुरावा मिळाला. पण तेच दोन शब्द पडद्यावर आणायला पुढची एक ओळ पुरते, आणि तीत कोणताही ईमेल तपासला जात नाही:

```
echo "signature ok"
```

म्हणून तपासणीचे छायाचित्र किंवा ध्वनिचित्रफीत हा पुरावा होत नाही. पुरावा असतो तो दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या संगणकावर, मूळ फाइल हातात घेऊन स्वतः केलेल्या पडताळणीत. ज्या संगणकावर चित्रफीत बनली, त्यावर खोटी किल्ली ठेवता येते, खोटे उत्तर देणारा प्रोग्रॅम ठेवता येतो, आणि पडद्यावर ते सगळे अगदी अस्सल दिसते. स्त्रोताची ओळख उघड होऊ नये म्हणून मूळ फाइल सगळ्यांसाठी खुली करता येत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. अशा वेळी ती निदान वृत्तसंस्थेबाहेरच्या, त्या बातमीशी कसलाही संबंध नसलेल्या जाणकाराला गुप्ततेच्या अटीवर दाखवायची असते, आणि संपादकाने त्या जाणकाराशी स्वतः फोनवर बोलायचे असते.

शेवटची अट बारीकसारीक वाटेल, पण या प्रकरणात नेमकी तीच निर्णायक ठरली. प्रसिद्ध केलेल्या चित्रांत तज्ज्ञांच्या ईमेलवर २०२२ ऐवजी २०२१ हे साल दिसते, हे बाहेरच्या लोकांच्या लक्षात आले. पाठोपाठ, ज्या दोन तज्ज्ञांच्या नावे अभिप्राय दिले होते, त्यांनी अशी तपासणी आपण केलीच नसल्याचे सांगितले. मेटानेही आणखी एक गोष्ट पुढे आणली: चित्रफितीत कंपनीचे अंतर्गत संकेतस्थळ म्हणून जे दाखवले होते ते ‘वर्कप्लेस’ या सेवेचे चाचणीपुरते विनामूल्य खाते होते आणि ते १३ ऑक्टोबरला, म्हणजे पहिल्या बातम्या येऊन गेल्यावर, उघडलेले होते. ज्या पुराव्याने बातमी वाचवायची होती, तो बातमीनंतर तयार झालेला होता.

इथपर्यंत आल्यावर संपादकांसमोर काय असते, याचा वाचकाने विचार करावा. सगळी साखळी एकाच हातातून आलेली असते. कागद त्याच वाटेने आला, ईमेल त्याच वाटेने आला, ईमेल खरा असल्याचा तज्ज्ञांचा निर्वाळाही त्याच वाटेने आला. वरवर पाहता तीन पुरावे आहेत आणि प्रत्यक्षात एकच. वृत्तकक्षात ‘दोन सूत्रांकडून खात्री करून घ्या’ असे आपण नेहमी म्हणतो. त्यातली दुसरी खात्री पहिल्याच माणसाने आणून दिली असेल, तर ती खात्री धरायची नसते. हे वाक्य मी तरुण बातमीदारांना कितीदा सांगितले असेल याची गणती नाही, कारण घाईच्या रात्री, पान लावायची वेळ झालेली असताना, नेमके हेच नजरेतून सुटते.

पुण्याला हा धडा फार जुना आहे. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे १८८१ मध्ये सुरू झाली आणि लगेचच कोल्हापूर संस्थानच्या प्रकरणात अडकली. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याची बोलवा होती, आणि संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रे पुढे आली. त्यांच्या आधारे दोन्ही वृत्तपत्रांनी बर्व्यांवर कडक टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, पत्रे बनावट ठरली, आणि आगरकर व टिळक या दोघांना १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. लोकांची सहानुभूती संपादकांच्या बाजूने होती आणि महाराजांविषयीची काळजीही खरी होती. पण या दोन्ही गोष्टींनी पत्रे खरी झाली नाहीत. मला या दोन प्रकरणांत सर्वांत महत्त्वाचे साम्य दिसते ते असे की, बनावट कागद आला तो नेमका त्या गोष्टीविषयी, जी आधीच लोकांना खरी वाटत होती. छत्रपतींना त्रास दिला जातो असे लोक म्हणतच होते, आणि समाजमाध्यमांच्या कंपन्या सत्तेला झुकतात अशी शंका २०२२ मध्ये अनेकांना होतीच. आपल्या मनातली शंका कागदावर छापलेली मिळाली की तपासणारा हात सैल पडतो. म्हणून जो कागद आपल्याला हवे तेच नेमके सांगतो, तो दुप्पट तपासायचा असतो.

आता माघारीकडे येऊ. ती एका दिवसात झाली नाही, तीन टप्प्यांत झाली, आणि वाचकाने हे टप्पे ओळखायला शिकले पाहिजे. १८ ऑक्टोबरला ‘द वायर’ने अंतर्गत चौकशी सुरू केल्याचे सांगून त्या बातम्या वाचकांच्या नजरेआड केल्या. २३ ऑक्टोबरला त्या औपचारिकपणे मागे घेतल्या. आपल्याला मुद्दाम फसवले गेले का, हेही तपासत असल्याचे तेव्हा सांगितले, आणि त्याच वर्षी आधी दिलेली ‘टेक फॉग’ नावाची दुसरी मोठी तपासबातमीही फेरतपासणीसाठी काढून घेतली. २७ ऑक्टोबरला संपादकीय निवेदनातून वाचकांची माफी मागितली. स्वतंत्र तांत्रिक तपासणी न करता बातमी छापण्याची घाई झाली हे त्यात मान्य केले होते, आणि तांत्रिक स्वरूपाचा पुरावा यापुढे बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून पडताळून घेतला जाईल असेही सांगितले होते.

पहिला टप्पा म्हणजे मागे घेणे नव्हे. बातमी तात्पुरती नजरेआड करण्याचा अर्थ एवढाच की, आम्हाला शंका आली आहे आणि तपासून होईपर्यंत ती आणखी पसरू नये असे वाटते. जबाबदार संपादक हा टप्पा लवकर गाठतो, कारण चौकशीला वेळ लागतो आणि तोवर बातमी ज्याच्याविषयी आहे त्याची हानी चालूच राहते. दुसऱ्या टप्प्यात हमी काढून घेतली जाते. तिसऱ्यात कारण सांगितले जाते. अनेक वृत्तपत्रे दुसऱ्या टप्प्यावरच थांबतात आणि ‘काही त्रुटी आढळल्याने’ असे मोघम लिहून विषय संपवतात. हे अपुरे आहे, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते. ‘त्रुटी’ कोणती होती, तपशिलाची, पुराव्याची की हेतूची, हे कळल्याशिवाय वाचकाने त्याच बातमीदाराच्या, त्याच पद्धतीने मिळवलेल्या इतर बातम्यांवर किती विसंबावे हे ठरवता येत नाही. ‘टेक फॉग’ही फेरतपासणीला काढले, ही त्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण एका बातमीत पुराव्याची साखळी एका माणसावर टांगलेली निघाली, तर त्याच साखळीवरच्या जुन्या बातम्या तपासणे ओघानेच येते.

दोष कोणावर टाकायचा, हा अशा पत्रातला सर्वांत नाजूक भाग असतो. या बाबतीत अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाचे उदाहरण पत्रकारितेच्या वर्गांत हमखास शिकवले जाते. १९ नोव्हेंबर २०१४ रोजी त्यांनी व्हर्जिनिया विद्यापीठातील सामूहिक बलात्काराचा एक वृत्तान्त दिला, तो प्रामुख्याने एकाच तरुणीच्या कथनावर उभा होता, आणि ज्यांच्यावर आरोप होता त्यांच्यापर्यंत लेखिका पोहोचली नव्हती. इतर वृत्तपत्रांनी विसंगती दाखवल्यावर ५ डिसेंबरला संपादकांनी वाचकांना उद्देशून टीप लिहिली. तिच्यात म्हटले होते की, त्या तरुणीवर आम्ही टाकलेला विश्वास चुकीचा ठरला. या वाक्यावर मोठा रोष उमटला, आणि तो योग्यच होता. तपासणे हे नियतकालिकाचे काम होते. सांगणाऱ्या व्यक्तीच्या अंगावर ते ढकलता येत नाही. पुढे टीप बदलली गेली आणि चुका नियतकालिकाच्या आहेत, त्या तरुणीच्या नव्हेत, असे तीत आले. पण हा बदल सुरुवातीला गाजावाजा न करता केला गेला, त्यामुळे माघारीच्या पत्रालाच दुरुस्ती लागली. शेवटी कोलंबिया विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाकडे तटस्थ चौकशी सोपवली गेली आणि तिचा अहवाल एप्रिल २०१५ मध्ये आल्यावर मूळ वृत्तान्त पूर्णपणे मागे घेतला गेला.

‘द वायर’च्या प्रकरणातही आपल्याच कामाशी जोडलेल्या एका व्यक्तीविरुद्ध संस्थेने पोलिसांत तक्रार केली. फसवणूक झाली असेल तर तक्रार करणे योग्यच. परंतु संपादकाच्या पत्रातली दोन वाक्ये वेगळी ठेवायला हवीत. ‘आम्हाला कोणीतरी फसवले’ हे एक वाक्य आहे आणि ‘फसवणूक पकडता येईल अशी तपासणी आमच्याकडे नव्हती’ हे दुसरे. पहिल्याचा निवाडा पोलीस आणि न्यायालय करतील. दुसऱ्याचे उत्तर फक्त संपादक देऊ शकतो, आणि वाचकाला पत्र लिहिले जाते ते या दुसऱ्या वाक्यासाठी.

अशी पत्रे अनेकदा इतकी ताठर आणि वकिली भाषेत का असतात, याचेही कारण आहे. भारतात बदनामी हा आजही फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची तरतूद आहे, शिवाय दिवाणी दावा वेगळा. ‘आम्ही चुकीचे छापले’ असे लिहिलेले प्रत्येक वाक्य उद्या न्यायालयात वाचले जाईल, या धास्तीने कायदेशीर सल्लागार मसुद्यातले एकेक विशेषण काढून टाकतात. ही अडचण खरी आहे. तरीही प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेतली अपेक्षा स्पष्ट आहे की, चूक लक्षात आल्यावर दुरुस्ती तातडीने आणि योग्य त्या ठळकपणे छापावी, आणि चूक गंभीर असेल तर दिलगिरीही व्यक्त करावी. पहिल्या पानावर सहा रकान्यांत छापलेल्या बातमीची माघार अकराव्या पानाच्या तळाशी, निविदा-सूचनांच्या शेजारी देणे या अपेक्षेत बसत नाही.

छापील अंक परत बोलावता येत नाही. तो ग्रंथालयांत बांधला जातो, कात्रणांच्या वहीत जातो. संकेतस्थळावर मात्र काय करायचे हे संपादकाच्या हातात असते, आणि इथे एक वाईट प्रथा रूढ होत आहे: बातमीचे पानच गायब करायचे, म्हणजे जुन्या दुव्यावर गेल्यास ‘पान सापडले नाही’ एवढेच दिसते. त्यामुळे जो माणूस आधीच बातमी वाचून बसला आहे त्याला ती मागे घेतली गेल्याचे कळायला मार्गच राहत नाही, आणि ‘बातमी दाबली’ अशी कुजबुज सुरू होते ती वेगळीच. योग्य रीत अशी की, त्याच पत्त्यावर बातमीच्या जागी निवेदन ठेवायचे, त्यात बातमी कधी छापली, कधी नजरेआड केली, कधी मागे घेतली या तारखा द्यायच्या, त्यातला कोणता दावा टिकला नाही ते एका वाक्यात सांगायचे, आणि निवेदनात पुढे काही बदल केला तर त्याचीही तारीख खाली नोंदवायची.

याच्याही पुढे एक काम उरते, आणि माझ्या पाहण्यात ते फार थोडे संपादक करतात. एखादी खळबळजनक बातमी मूळ ठिकाणी राहत नाही. तिचा मराठीत अनुवाद होतो, दुसरी संकेतस्थळे ‘वृत्त’ म्हणून ती उचलतात, जिल्ह्याच्या आवृत्तीत तिचा सारांश येतो, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर ती कोणाच्या तरी टिप्पणीसह फिरत राहते. मूळ पत्राने माघार घेतली तरी या प्रती जशाच्या तशा राहतात, कारण त्या ठेवणाऱ्यांना कोणी कळवलेलेच नसते. म्हणून माघारीचे निवेदन प्रसिद्ध करतानाच, ज्यांनी आपल्या नावाने ती बातमी पुढे दिली त्या सगळ्यांना त्याची प्रत पाठवायची असते, आणि ज्या व्यक्तीविषयी ती बातमी होती त्या व्यक्तीला ती सर्वांच्या आधी, स्वतंत्रपणे, संपादकाच्या सहीने पोहोचवायची असते.